नव्या दुकानाचा फलक व पत्रक : मोजक्या शब्दांचा एक पाठ
(इयत्ता सहावी व सातवी : मराठी लेखन, गणिताच्या जोडीने)

गावात नवे दुकान निघावयाचे झाले म्हणजे त्याचा मजकूर लिहून घेण्यासाठी दुकानदार अजूनही बहुधा शाळेकडे वळतो. पूर्वी भिंतीवर गेरूने किंवा कापडी पट्ट्यावर रंगाने लिहिले जाई. आता तालुक्याच्या गावाहून फ्लेक्स छापून येतो व त्याच्याबरोबर हजारभर पत्रके येतात. साधन बदलले, परंतु मजकूर जुळविण्याचे काम तेच राहिले आहे. वर्गात 'जाहिरात' हा लेखनप्रकार शिकविताना हे काम हाताशी घेतल्यास मुलांना शब्दांची किंमत जशी समजते तशी ती केवळ विशेषणे जमविण्याच्या अभ्यासाने समजत नाही.

प्रारंभी मुलांना कोणतीही सूचना न देता एक फलक लिहावयास सांगावे. जे लिहून येते ते थोड्याफार फरकाने पुढीलप्रमाणे असते. दुकानाचे नाव व गाव केवळ उदाहरणासाठी कल्पिले आहे.

॥ श्री गणेश प्रसन्न ॥
भव्य उद्‌घाटन सोहळा
आमचे येथे श्रीकृपेकरून अन्नपूर्णा किराणा या नूतन दालनाचा शुभारंभ दसऱ्याच्या शुभमुहूर्तावर मान्यवरांच्या शुभहस्ते होत आहे. सर्व प्रकारचा किराणा माल योग्य दरात व खात्रीशीर मिळेल. उद्‌घाटनानिमित्त भव्य सवलत व आकर्षक भेटवस्तू. तरी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती.

हा मजकूर अशुद्ध नाही. त्याचा दोष निराळा आहे. त्याचे वळण लग्नपत्रिकेचे आहे. लग्नपत्रिका ज्याला द्यावयाची तो माणूस ओळखीचा असतो, पत्रिका त्याच्या हाती पडते, तो ती घरी बसून वाचतो, आणि लग्न कोणाचे हे त्याला आधीच ठाऊक असते. म्हणून तेथे 'श्रीकृपेकरून' आणि 'सहकुटुंब सहपरिवार' हे शब्द शोभतात. फलकाचा वाचक मात्र अनोळखी असतो, वाटेने चाललेला असतो, व त्याला विचारावयाचे असते एवढेच की, येथे काय मिळेल आणि आपण आज का यावे. वरील चाळीस-पन्नास शब्दांत या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. 'भव्य सवलत' म्हणजे किती, 'आकर्षक भेटवस्तू' म्हणजे कोणती, हे कोठेच सांगितलेले नाही.

फलकाचे खरे नाते लग्नपत्रिकेशी नसून दवंडीशी आहे. दवंडी देणारा चौकात थांबतो, थाप देतो आणि एका दमात सांगतो : काय, कोठे, केव्हा. 'शोभा वाढवावी' असे म्हणण्यास त्याला श्वासच पुरत नाही. वर्गात हीच कसोटी लावावी. एका मुलाला मैदानाच्या टोकाशी उभे करून त्याच्याकडून मजकूर एकदाच मोठ्याने वाचून घ्यावा व दुसऱ्या टोकाच्या मुलांना, काय ऐकले, ते वहीत लिहावयास सांगावे. वरील मजकुरातून त्यांच्या वहीत बहुधा 'किराणा' आणि 'दसरा' हे दोन शब्द उरतात. जे उरले तेवढेच फलकाने सांगितले, असे समजण्यास हरकत नाही.

शब्द किती असावेत, याचा अंदाज सातवीच्या मुलांना गणितानेही काढता येतो. दर इंच उंचीच्या अक्षरासाठी दहा फूट अंतर धरले तर ते अक्षर सहज वाचता येते. पंचवीस फुटांपर्यंत ते प्रयत्नाने वाचता येते. त्यापुढे अक्षरे एकमेकांत मिसळू लागतात. हा अंदाज स्थूल आहे. अक्षराची जाडी, रंग व उजेड यांप्रमाणे तो कमीअधिक होतो. आता फलकावरील मुख्य अक्षर पाच इंच उंचीचे मानू. ते सुमारे १२५ फुटांपासून वाचता येऊ लागेल. गावातून जाणाऱ्या मोटारसायकलचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरला तर ती सेकंदाला १० मीटर, म्हणजे जवळजवळ ३३ फूट पुढे जाते. १२५ फूट अंतर तोडण्यास तिला चार सेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो. तेवढ्या वेळात रस्ताही पाहावयाचा असल्याने आठ-नऊ शब्दांपलीकडे काही वाचून होत नाही. नगर–मनमाड महामार्गावर वेग याच्या दुप्पट धरावा लागतो. तेथे वेळ निम्मा होतो, व त्याच अक्षरांत चार-पाच शब्दच वाचले जातात.

हे केवळ आकड्यांवर सोडू नये. पुड्याच्या कागदावर पाच इंच उंचीची अक्षरे काढून तो कागद शाळेच्या कुंपणाला लावावा आणि मुलांनी पावले मोजीत मागे जावे. अडीच फुटांचे एक पाऊल धरल्यास पन्नास पावलांवर १२५ फूट भरतात. तेथे उभे राहिल्यावर मुलांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट येते : देवनागरीत अक्षराची उंची आणि ओळीची उंची एक नव्हे. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार व रफार असतात, खाली उकार असतो. पाच इंचांच्या अक्षरासाठी ओळीला आठ इंच तरी जागा सोडावी लागते. ती न सोडल्यास 'कु'चा उकार खालच्या ओळीतील वेलांटीत घुसतो व दोन्ही ओळी बिघडतात. आठ फूट रुंद व चार फूट उंच फलकाची उंची ४८ इंच. कडांसाठी चार इंच सोडले तर ४४ इंच उरतात. त्यात अशा मोठ्या ओळी तीन आणि लहान ओळी दोन-तीन, एवढेच मावते. फ्लेक्सचा आकार मोठा केला की प्रश्न सुटतो असे पुष्कळांना वाटते. परंतु मोकळी जागा दिसली की तीत 'शुभेच्छुक' मंडळींची छायाचित्रे येऊन बसतात व अक्षरे होती तेवढीच राहतात.

आता सवलतीकडे वळावे. पाठाचा कस येथेच लागतो, कारण येथे चुकलेला शब्द दुकानदाराच्या गल्ल्यातून पैसे काढतो किंवा पहिल्याच दिवशी ग्राहकाशी भांडण उभे करतो.

उदाहरण असे घ्यावे. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी आला होता. त्या दिवशी हे दुकान उघडावयाचे आहे, आणि दुकानदाराच्या मनात '५०० रुपयांच्या वर खरेदीवर ५० रुपये सूट' असे आहे. मुलांनी प्रथम हिशेब करावा. किराण्यात शंभर रुपयांच्या विक्रीमागे दहा रुपये सुटतात असे मानले, तर ५०० रुपयांच्या बिलात ५० रुपये नफा. तो सर्वच सुटीत गेला. दिवे, हमाली व गाडीभाडे अंगावर पडले. ही सवलत वाचण्यास सोपी आहे, परंतु अकरा दिवस पाळता येणार नाही. तिच्याऐवजी अर्धा किलो साखर दिली तर? किलोला ४४ रुपये पडतात असे धरले म्हणजे भेट २२ रुपयांची झाली, व बिलामागे २८ रुपये शिल्लक राहिले. शिवाय प्रवरेकाठच्या सहकारी कारखान्यापासून ज्या जिल्ह्याची ओळख साखरेशी जोडलेली आहे, तेथे अर्ध्या किलो साखरेचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. प्लॅस्टिकच्या डब्याची किंमत ग्राहकाला कळत नाही, साखरेची कळते. आणि साखर उरली तर ती विकता येते.

यानंतर शब्दांची तपासणी करावी. '५०० रुपयांच्या वर' यात बरोबर ५०० रुपयांचे बिल येते की नाही? मराठीत 'वर' या शब्दाचे दोन अर्थ होतात : 'पाचशेच्या खरेदीवर' म्हणजे पाचशेची खरेदी केली असता, आणि 'पाचशेच्या वर' म्हणजे पाचशेहून अधिक. दुकानदाराच्या मनात एक अर्थ असतो व ५०० रुपये मोजणाऱ्या ग्राहकाच्या मनात दुसरा. दुसरा प्रश्न हजार रुपयांच्या बिलाचा. त्यावर अर्धा किलो की एक किलो? काही न लिहिल्यास चतुर ग्राहक दोन बिले करून मागतो, भोळा ग्राहक एकावरच समाधान मानतो, आणि मागाहून दोघे एकमेकांना भेटतात. या दोन्ही शंका दोन लहान शब्दांनी मिटतात : 'दर ५०० रुपयांमागे'. पाचशे भरले की अर्धा किलो, हजार भरले की एक किलो, नऊशेवर मात्र अर्धाच. मुलांना ४९९, ५००, ९९९, १,००० व १,६०० रुपयांच्या बिलांवर किती साखर मिळेल हे काढावयास सांगावे. सर्व मुलांची उत्तरे एक आली तर वाक्य ठीक आहे. उत्तरे निरनिराळी आली तर चूक मुलांची नसून बहुधा वाक्याची असते.

तिसरा शब्द 'रोख'. खेड्यातील दुकान उधारीवर चालते, हे मुलांनाही ठाऊक असते. वहीत मांडलेल्या पाचशे रुपयांवर साखर द्यावयाची नसेल, तर ते फलकावरच लिहिले पाहिजे. साखरेसाठी आलेल्या माणसाला दुकानाच्या दारात सांगितले तर तो दुकानही सोडतो आणि चार जणांना सांगतोही. चौथी बाब दिवसांची. 'दसऱ्यापासून दहा दिवस' असे लिहिल्यास शेवटचा दिवस कोणता? २ तारीख धरून मोजले तर ११ ऑक्टोबर, शनिवार. न धरता मोजले तर १२ ऑक्टोबर, रविवार. रविवारी सुटी म्हणून खरेदीला येणारा माणूस नेमका या फरकात सापडतो. त्यापेक्षा '२ ते १२ ऑक्टोबर' हे लहानही आहे आणि निःसंदिग्धही आहे.

'मोफत' या शब्दाविषयी स्वतंत्रपणे सांगणे योग्य होईल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिराती रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मोफत वस्तू मिळविण्यासाठी ग्राहकाला काय करावे लागेल, हे जाहिरातीत स्पष्ट असले पाहिजे, तसेच ज्या मालाचे आमिष दाखविले तो पुरेसा नसेल तर तसे सांगितले पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. म्हणून 'साखर मोफत' हे दोन शब्द हातभर आणि 'अटी लागू' हे बोटभर, ही रीत सोडावी. अट थोडक्यात लिहिता येत असेल तर ती त्याच आकारात लिहावी. थोडक्यात लिहिता येत नसेल तर बहुधा सवलतच गुंतागुंतीची आहे, असे समजून ती बदलावी. साठ्याचाही हिशेब करून घ्यावा. अकरा दिवसांत पाचशेचे दोनशे टप्पे भरतील असा अंदाज असेल तर १०० किलो, म्हणजे ५० किलोंची दोन पोती लागतील. तिसरे पोते आणून ठेवावे; 'साठा असेपर्यंत' हे शब्द लिहून ग्राहकाच्या मनात शंका घालण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

इतके झाल्यावर फलकाचा मजकूर असा उरतो :

नवे दुकान
अन्नपूर्णा किराणा
दर ५०० रुपयांमागे
अर्धा किलो साखर भेट
रोख खरेदीवर, २ ते १२ ऑक्टोबर
बसथांब्यासमोर

हे सतरा-अठरा शब्द आहेत. त्यांतील दुकानाचे नाव व त्याखालच्या दोन ओळी मोठ्या अक्षरांत, म्हणजे वाटसरूच्या चार सेकंदांसाठी. बाकीच्या ओळी बसथांब्यावर उभ्या असलेल्या किंवा पायी जाणाऱ्या माणसासाठी. 'सर्व प्रकारचा किराणा माल' हे शब्द गेले, कारण दुकानाच्या नावातच 'किराणा' आहे. 'योग्य दरात' गेले, कारण अयोग्य दरात मिळेल असे कोणीच लिहीत नाही; ज्याचे उलट कोणी लिहिणार नाही, तो शब्द फलकावरून काढून पाहावा, ही युक्ती मुलांना फार आवडते. देवाचे नाव काढण्याचा आग्रह मात्र धरू नये. दुकानदाराची श्रद्धा असेल तर ते वरच्या कडेला लहान अक्षरांत राहू द्यावे; त्याने वाचकाचा वेळ जात नाही, कारण वाचक ते ओळखतो, वाचत नाही. मान्यवरांच्या नावांचे तसे नाही. ज्याचे नाव गाळले त्याच्या रागाचा विचार दुकानदाराला करावाच लागतो. अशी नावे पत्रकाच्या पाठीमागे घालावीत.

पत्रकाची गोष्ट वेगळी आहे. ते हातात घेऊन वाचले जाते, खिशात जाते, घरच्या माणसांना दाखविले जाते. आणि वाद झाला तर तेच पुढे केले जाते. म्हणून फलकावर न मावलेला खुलासा त्यात यावा, परंतु फलकाशी विसंगत असे काहीही येऊ नये. साठ-सत्तर शब्द पुरेत :

अन्नपूर्णा किराणा – नवे दुकान
गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५ (दसरा), सकाळी ९ वाजता सुरू.
२ ते १२ ऑक्टोबर, दोन्ही दिवस धरून, रोख खरेदीत दर ५०० रुपयांमागे अर्धा किलो साखर भेट. बिल ५०० रुपयांचे झाले की अर्धा किलो, १,००० रुपयांचे झाले की एक किलो. तेलाच्या डब्यांची रक्कम यात धरली जाणार नाही.
किराणा, कडधान्ये, मसाले, वह्या-पेन्सिली.
रोज सकाळी ७ ते रात्री ९. बसथांब्यासमोर.

तेलाच्या डब्यांचे वाक्य मुलांना खटकेल, खटकावे. त्यात दुकानदाराला फार थोडे सुटते म्हणून त्याने ते वगळले. पण मग फलक वाचून तेलाचा डबा घ्यावयास आलेल्या माणसाचे काय? यावर वर्गात चर्चा होऊ द्यावी. फलकावर हा अपवाद नाही, म्हणजे फलक व पत्रक यांचे म्हणणे जुळत नाही. फलकाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत '(तेलाचे डबे सोडून)' हे शब्द घालावेत, किंवा अपवादच सोडून द्यावा. अकरा दिवसांत तेलाचे किती डबे जातील याचा अंदाज घेऊन दुकानदाराने ते ठरवावे. डबे थोडे असतील तर अपवाद सोडणेच शहाणपणाचे. त्यात गेलेले पैसे नाराजीपेक्षा कमी असतात.

मजकूर छापखान्यात गेल्यावर नव्या चुका शिरतात. तो मोबाईलवरून पाठविला जातो आणि फ्लेक्स करणारा आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात तो पुन्हा उतरवितो. त्यात रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, 'अर्धा'चे 'अधा' होते, जोडाक्षरे फुटतात. 'उद्‌घाटन' या शब्दाचे 'उदघाटन', 'उद्धाटन' असे जे हाल होतात त्यांतून वाचण्याचा सोपा मार्ग म्हणजे 'सुरू' लिहिणे. 'दर ५०० रुपयांमागे' या ओळीतही एक धोका आहे. सजावट करणाऱ्याने 'दर' हा शब्द वेगळ्या रंगात घेतला किंवा त्यापुढे दोन टिंबे दिली, तर तो 'भाव' या अर्थाने वाचला जातो आणि दुकानात काहीतरी पाचशे रुपयांना आहे असा समज होतो. हे तिन्ही शब्द एकाच ओळीत व एकाच रंगात ठेवण्यास सांगावे.

अंकांचाही असाच घोटाळा होतो. देवनागरी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो, देवनागरी ७ हा काहीसा इंग्रजी सहासारखा. किमती देवनागरीत व दूरध्वनी क्रमांक इंग्रजी अंकांत, अशी सरमिसळ झाली की वाचणारा गोंधळतो व फोन भलत्याच घरी लागतो. सर्व अंक एकाच लिपीत असावेत. छापण्यापूर्वी फ्लेक्सचे चित्र मोबाईलवर मागवून घ्यावे आणि दोघांनी तपासावे : एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने चित्रावर बोट ठेवावे. वार व तारीख दिनदर्शिकेत जुळवून पाहावी. नंतर तोच मोबाईल हात लांब करून धरावा. एवढ्या लहान चित्रात ज्या ओळी वाचता येतात, त्याच रस्त्यावरूनही वाचल्या जातात, असे धरून चालावे.

दुकानाचा कायम नामफलक हा या फ्लेक्सहून निराळा. २०२२ साली झालेल्या कायद्यातील दुरुस्तीपासून महाराष्ट्रातील सर्व दुकानांचे नामफलक मराठीत देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे, आणि त्यावर दुसरी भाषा असल्यास मराठी अक्षरे तिच्यापेक्षा लहान चालत नाहीत. फ्लेक्स लावण्याच्या जागेसाठी ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. वीजखांब, वळणावरचे दिशाफलक व झाडे वर्ज्य समजावीत. शाळेचे कुंपणही वर्ज्यच, आणि मुलांच्या हातून पत्रके वाटवून घेऊ नयेत. कुंपणावर लागतो तो अभ्यासाचा पुड्याचा कागद, दुकानदाराचा फ्लेक्स नव्हे.

सवलतीची मुदत संपल्यावर फलकाचे काय करावयाचे, हे छापण्याआधीच ठरवावे लागते. १३ ऑक्टोबरला तो तसाच राहिला तर साखर मागणारा ग्राहक खोटे बोलत नसतो. साखरेच्या दोन ओळी आणि त्याखालील तारखेची ओळ वेगळ्या पट्टीवर छापून ती पट्टी मुख्य फलकाच्या खालच्या कडेला, रिंगांतून दोरी ओवून बांधावी. तसे करावयाचे तर 'बसथांब्यासमोर' ही ओळ दुकानाच्या नावाखाली घ्यावी लागते. १२ तारखेच्या रात्री दुकान बंद करताना दोरी सोडली की पट्टी निघते, व नाव आणि ठिकाण सांगणारा फलक जागेवर राहतो.